‘मेव्हण्यालाच देऊन टाकू’

सोसायटीच्या कमिटीची मीटिंग आहे आणि विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा. टेबलावरच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. मीटिंग संपल्यावर ॲपने सगळ्या बोलण्याची ट्रान्स्क्रिप्ट काढून दिली, म्हणजे कोण काय बोललं ते ओळीला ओळ. पुढचा तुकडा मी रचलेला आहे, पण कमिटीत वर्षभर काढलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

सेक्रेटरी : तीन कोटेशन्स आली आहेत. सगळ्यात कमी साडेचार लाखांचं.
खजिनदार : साडेचार लाख! वा. देतो की मी उद्याच. घर विकून देतो.
७०२ : गेल्या पावसाळ्यात आमच्या बेडरूममध्ये बादल्या होत्या. यंदा सगळ्यांना बोटिंगला बोलावते.
सेक्रेटरी : अजून एखादं कोटेशन ओळखीतून मिळेल का?
चेअरमन : आमच्या मेव्हण्याचं हेच काम आहे. त्यालाच देऊन टाकू.
३०१ : मी बघतो एक जण. विचारून ठेवतो.
सेक्रेटरी : आणि घरोघरी जाऊन ओल कुठे कुठे आहे त्याची यादी कोण करणार?
५०४ : चला, म्हणजे मीच मरायचं. बकरा ठरलेलाच आहे.
सेक्रेटरी : रविवारपर्यंत होईल?
५०४ : रविवारी मॅच आहे. सोमवारी घ्या.
सेक्रेटरी : सोमवार. लिहिते.

आता याचा सारांश घाईघाईने काढला, माणसाने काढो की यंत्राने, तर तो असा होऊ शकतो : ‘खजिनदार साडेचार लाखांची व्यवस्था उद्या करणार. काम चेअरमन यांच्या नातेवाइकांना देण्याचे ठरले. ३०१ आणखी एक कोटेशन आणणार.’ यादीचा पत्ताच नाही, कारण ‘मीच मरायचं’ हे वाक्य काम स्वीकारल्यासारखं दिसत नाही. म्हणजे ज्या एका माणसाने खरोखर काम अंगावर घेतलं तो कागदावरून गायब, आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या नावावर कामं चढली.

बोटिंगचं आमंत्रण मात्र सारांशात आलं नाही, हे लक्षात घ्या. धडधडीत अशक्य विनोद सहसा कुणालाच फसवत नाही. सारांश काढणारी साधनंही तो बऱ्याचदा ओळखतात, आणि चुकून आलाच तर वाचणारा हसून खोडतो. धोका असतो तो शक्य कोटीतल्या विनोदाचा. चेअरमनला मेव्हणा असतो, मेव्हणे कंत्राटदार असतात आणि सोसायट्यांची कामं अशा मेव्हण्यांना गेल्याचे किस्से आपण ऐकलेले असतात. म्हणून ते वाक्य कागदावर पूर्ण खरं दिसतं. महिन्याभराने कुणीतरी तो कागद चेअरमनपुढे नाचवतो, ‘बघा, ठरवूनच बसले होते.’ तेव्हा ‘मी गंमत केली होती’ हे सांगायला कागदावर काहीच आधार उरलेला नसतो.

हा आधार जातो कुठे? रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं तर खजिनदारांच्या ‘वा’ मध्ये नाकातून काढलेला सूर आहे आणि त्याच्या मागोमाग दोघं-तिघं हसले आहेत. चेअरमनच्या वाक्यानंतर मात्र कुणीच हसलेलं नाही. तिथे तीन-चार सेकंद शांतता आहे आणि एक खोकला. ‘मीच मरायचं’च्या आधीही शांतता आहे, पण ती वेगळ्या जातीची, म्हणजे सगळे खाली मान घालून बसले आहेत आणि कुणीतरी हात वर करावा याची वाट बघताहेत. ट्रान्स्क्रिप्टमध्ये यातलं काहीच उतरत नाही. बोलणं लिहून काढणाऱ्या बहुतेक ॲपचं काम शब्द पकडण्याचं असतं. हसू, उसासा, थांबणं, एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं हे त्यांच्या लेखी अडथळे, त्यामुळे ते गाळूनच मजकूर ‘स्वच्छ’ केला जातो.

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नुकसान फार पूर्वी कळलं होतं. गेल जेफरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून काढण्याची एक चिन्हपद्धत तयार केली. तीत शांतता सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात लिहितात, दोघांचं बोलणं एकमेकांवर कुठे चढलं ते चौकोनी कंसाने दाखवतात, आणि शब्द उच्चारताना मध्येच हसू फुटलं असेल तर तेही त्या अक्षरापाशी नोंदवतात. नुसतं ‘हसत म्हणाले’ असं लिहिण्यात आणि कुठल्या अक्षरावर हसले ते लिहिण्यात किती फरक पडतो, हे त्यांनी सविस्तर दाखवलं. सोसायटीच्या मीटिंगसाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही, करूही नये. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादांच्या अधिकृत ट्रान्स्क्रिप्टमध्येसुद्धा लोक हसले तिथे कंसात ‘हशा’ अशी नोंद असते. एवढा एक शब्द आपल्या कागदावर यायला हरकत नसावी.

सूर ऐकता आला तरी सगळं सुटतं असं नाही. २०१९ साली काही संशोधकांनी उपरोध ओळखण्यासाठी इंग्रजी टीव्ही मालिकांमधल्या ६९० छोट्या दृश्यांचा एक संच तयार केला. ‘फ्रेंड्स’, ‘द बिग बँग थिअरी’ अशा मालिकांमधली ही दृश्यं होती. नुसत्या शब्दांवरून ओळखण्यापेक्षा आवाज आणि चेहरा जोडीला दिल्यावर यंत्राच्या चुका कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. आणि तिथे तर व्यवसायाने विनोद करणारे नट होते. आपल्याकडचा उपरोध पुष्कळदा सपाट चेहऱ्यानेच केला जातो. पुणेरी काकांचा ‘अरे वा, छान’ ऐकून भल्याभल्यांना कौतुक झाल्याचा भास होतो.

त्यातून मराठीत आणखी एक पेच आहे. आपण शब्द देतो तो बहुधा वर्तमानकाळात. ‘मी करतो’, ‘मी बघते’, ‘आणून देतो’. टोमणाही अगदी त्याच रूपात येतो. ‘देतो की मी उद्याच.’ काम कोणाचं, कोणतं आणि कधी हे तिन्ही त्या एका वाक्यात हजर आहेत, त्यामुळे सारांश करणारा ते पटकन उचलतो. पण जरा निरखून बघा. खऱ्या शब्दाला इतकी नेमकी तारीख क्वचितच आपणहून येते. माणूस खरंच काम घेतो तेव्हा आधी कुरकुरतो, अडचण सांगतो, मुदत वाढवून मागतो. ‘रविवारी मॅच आहे, सोमवारी घ्या’ हे त्या माणसाने काम घेतल्याचं सगळ्यात पक्कं चिन्ह आहे, कारण थट्टा करणारा माणूस सोयीची तारीख मागत बसत नाही. न मागता आलेली ‘उद्याच’, ‘आत्ताच’, ‘डोळे मिटून’ अशी तत्परता दिसली की संशय घ्यावा.

‘हो हो’ हाही असाच एक सापळा. फोनवर किंवा ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरचा बोलत असताना आपण जे ‘हो हो’, ‘हं’, ‘बरोबर’ म्हणत असतो ते फक्त ‘ऐकतोय, बोला’ एवढंच सांगायला. कागदावर ते संमती होऊन बसतं.

मग विनोद आणि शब्द यांची निवड करायची कशी? वाक्य बोलणाऱ्याच्या मनात काय होतं हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. त्यापेक्षा त्या वाक्याचं पुढे काय झालं ते पाहावं. कुणी ते झेललं का? त्यावर पुढचा प्रश्न आला का? नंतर कुणी ते धरून बोललं का? गंमत म्हणजे न्यायालयंही अशा वेळी फार वेगळं काही करत नाहीत. दोन खटले पाहिले की हे लख्ख दिसतं.

पहिला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातला, ‘लूसी विरुद्ध झेमर’ या नावाने तिथे कायद्याच्या वर्गात हमखास शिकवला जाणारा. डिसेंबर १९५२ मध्ये लूसी नावाचे गृहस्थ झेमर यांच्या रेस्टॉरंटमध्ये गेले. दोघांनी बसून दारू घेतली. झेमर यांचं एक शेत लूसींना बऱ्याच वर्षांपासून हवं होतं. ५० हजार डॉलरला देणार का, अशी बोलाचाली झाली आणि झेमर यांनी हॉटेलच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर विक्रीचा मजकूर लिहून दिला. नंतर ते म्हणाले, ही सगळी थट्टा होती, लूसीकडे एवढे पैसे असतील असं वाटलंच नव्हतं, आणि सही करताना बायकोच्या कानात तसं सांगितलंही होतं. १९५४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल लूसींच्या बाजूने दिला. कारण बोलणं बराच वेळ चाललं होतं, आधी ‘मी’ असं लिहिलेला मजकूर फाडून ‘आम्ही’ असा पुन्हा लिहिला गेला होता, पत्नीचीही सही घेतली होती, जमिनीची मालकी निर्वेध असावी अशी अटही त्यात होती. मनातली थट्टा बायकोच्या कानापलीकडे गेली नव्हती. लूसींना दिसलं ते व्यवहाराचं वागणं, आणि न्यायालयाने तेच धरलं.

दुसरा लंडनचा. क्रीडासाहित्याच्या दुकानांच्या साखळीचे मालक माइक ॲशली जानेवारी २०१३ मध्ये एका पबमध्ये काही वित्तसल्लागारांबरोबर बसले होते. कंपनीच्या शेअरचा भाव आठ पौंडांवर नेलात तर तुम्हाला दीड कोटी पौंड देईन, असं ते त्यांतल्या जेफ्री ब्लू यांना म्हणाले. भाव पुढे खरोखर तिथवर गेला आणि ब्लू यांनी पैशांसाठी दावा लावला. २०१७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. हे बोलणं पबमध्ये, हास्यविनोदात, प्यायलेल्या माणसांत झालं होतं, काम नेमकं काय करायचं हेच ठरलं नव्हतं, आणि तिथे हजर असलेल्या कुणालाही ते गंभीर वाटलं नव्हतं, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं.

दारू दोन्हीकडे होती, हशाही होता. फरक पडला तो वाक्यानंतर काय घडलं त्याने.

सोसायटीचे मिनिट्स कोर्टापर्यंत जातीलच असं नाही. पण महाराष्ट्रात पुनर्विकासाच्या ठरावाची विशेष सर्वसाधारण सभा असेल तर तिचं चित्रीकरण करावं लागतं, अशी तरतूद ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात आहे. म्हणजे रेकॉर्डिंग आता घरगुती सोय राहिलेली नाही. त्यावरून कुणीही, कधीही, आपल्याला हवा तसा सारांश काढू शकतो.

आता तोच तुकडा पुन्हा घेऊ आणि नीट काम करू. आधी ट्रान्स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे कुणी काही करण्याचं म्हटलंय त्या ओळींवर खूण करायची. इथे त्या पाच निघतात, खजिनदार, बोटिंग, मेव्हणा, ३०१ आणि ५०४. प्रत्येक ओळीच्या वरच्या दोन आणि खालच्या चार ओळी वाचायच्या. बोटिंगवर कुणी काही बोललं नाही, ते सोडून द्या. खजिनदारांना पैसे द्या असं कुणी म्हटलंच नव्हतं, आणि त्यांच्या ‘देतो’वर कुणी ‘कधी? कसे?’ असं विचारलंही नाही. म्हणजे तो शब्द नव्हे. पण म्हणून ती ओळ टाकून देऊ नका. लोक इथे नेहमी चुकतात. टोमण्यात बहुतेक वेळा हरकत दडलेली असते, आणि खजिनदारांची हरकत स्वच्छ आहे : साडेचार लाख फार होतात. सारांशात ‘खजिनदारांनी कमी दराच्या कोटेशनच्या रकमेबद्दल नापसंती व्यक्त केली’ एवढं यायला हवं. नाही तर उद्या ठराव एकमताने झाला असं वाचायला मिळेल, आणि ते खोटं असेल.

‘खजिनदार उपरोधाने म्हणाले’ असंही लिहू नये. मिनिट्समध्ये सुराला नाव देणं म्हणजे माणसाला शेरा देणं. त्यातून भांडण होतं आणि माहिती काही वाढत नाही. हरकत साध्या भाषेत लिहिली की झालं.

५०४ चं उलट आहे. शब्द थट्टेचे, पण लगेच ‘कधी?’ असा प्रश्न आला, मुदतीवर घासाघीस झाली आणि सेक्रेटरींनी ‘लिहिते’ म्हणून शिक्का मारला. हे पक्कं काम. ‘बकरा’ वगैरे सोडून द्यायचं आणि लिहायचं : ‘ओलीची घरनिहाय यादी ५०४ चे सदस्य सोमवारपर्यंत करतील.’ आपल्याकडे फुकटची कामं माणसं अशीच स्वीकारतात, स्वतःची टर उडवत. सरळ ‘ही जबाबदारी मी घेतो’ असं म्हणणारा माणूस मला तरी कमिटीत फारसा भेटलेला नाही.

३०१ मधल्या गृहस्थांचं ‘मी बघतो एक जण’ हे अर्धवट आहे. ते खरंच बोलले, थट्टा केली नाही. पण कुणाला विचारणार, कधी विचारणार, हे कुणी पुढे खोदलं नाही आणि विषय यादीकडे वळला. याला ‘३०१ कोटेशन आणणार’ म्हणणं म्हणजे त्यांच्या गळ्यात काम घालणं, आणि न लिहिणं म्हणजे एक उपयोगी धागा सोडून देणं. म्हणून मिनिट्सच्या मसुद्यात मी ‘ठरलं’ याच्या खाली आणखी एक रकाना ठेवतो, ‘बोललं गेलं, ठरलं नाही’. ३०१ तिथे बसतात. या रकान्याची लाज वाटायचं कारण नाही. कुठल्याही खऱ्या मीटिंगमध्ये तो ‘ठरलं’पेक्षा मोठाच निघतो.

आणि मेव्हणा. इथे वाचून भागत नाही, ऐकावं लागतं. ॲप प्रत्येक ओळीशेजारी वेळ देतं. तेवढी वेळ गाठून आधीची दहा आणि नंतरची दहा सेकंद ऐकायची. सगळी दीड तासाची मीटिंग पुन्हा ऐकायला कुणाला वेळ नसतो, पण अशा दोन-तीन जागा ऐकायला पाच मिनिटं पुरतात. चेअरमनचा सूर ऐकला तर तो गमतीचा वाटतो खरा, पण पूर्ण नाही. समोरच्यांचा अंदाज घेण्यासाठी सोडलेला खडा असावा तसा तो आहे. लोक हसले असते तर गंमत ठरली असती, कुणी ‘चालेल’ म्हटलं असतं तर प्रस्ताव ठरला असता. कुणीच काही केलं नाही. अर्धवट गंभीर बोलण्याची हीच तर सोय असते. बोलणाऱ्याला दोन्ही दारं उघडी राहतात.

यातलं दार कोणतं हे मिनिट्स लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. त्याने विचारायचं. आणि विचारताना ‘तुम्ही गमतीत म्हणालात ना?’ असं विचारू नये, त्यात उत्तर आपणच हातात देतो. ‘मेव्हण्यांकडून कोटेशन येणार आहे असं लिहू का? हो असेल तर कधीपर्यंत, आणि नातं मिनिट्समध्ये नोंदवावं लागेल’ असा थेट, नावागावासकट प्रश्न करावा, शक्यतो त्याच संध्याकाळी. दोन दिवस गेले की माणूस स्वतःच्या बोलण्याची आठवण सोयीप्रमाणे बदलून घेतो, आणि त्यात लबाडी असतेच असं नाही.

याहून सोपा उपाय मीटिंगमध्येच आहे. उठायच्या आधी सेक्रेटरींनी ठरलेल्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवायच्या. ‘यादी, ५०४, सोमवार. चौथं कोटेशन, ३०१, शनिवारपर्यंत, बरोबर?’ मग ३०१ ‘अहो, शनिवार कुठे म्हणालो मी’ म्हणतात, आणि प्रश्न सुटतो. हे वाचनही रेकॉर्ड होतं, त्यामुळे पुढे सारांश माणूस करो की ॲप, त्याला शेवटच्या दोन मिनिटांत निखळ मजकूर मिळतो. सारांशाचा साचा आपण ठरवू शकत असू तर प्रत्येक कामापुढे दोन रकाने सक्तीचे करावेत, ते काम कुठल्या ओळीत घेतलं आणि कुठल्या ओळीत दुसऱ्याने मान्य केलं. दुसरा रकाना रिकामा राहिला की ते काम आपोआप ‘ठरलं नाही’मध्ये जातं. खजिनदारांचे साडेचार लाख तिथेच अडतात.

एवढं करूनही काही जागा सुटत नाहीत. रेकॉर्डिंग मोबाइलच्या एका माइकवर असेल तर लांब बसलेल्यांचं हसू ऐकूच येत नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे म्यूटवर असतात, विनोद झाला तरी शांतताच, म्हणून तिथल्या शांततेवरून काहीच काढू नये. दोन बोलणाऱ्यांची नावं ॲपने एकमेकांना चिकटवली तर एकाचा टोमणा दुसऱ्याचा शब्द बनतो. त्यामुळे काम ज्याच्या नावावर चढतंय तो आवाज खरंच त्याचाच आहे का, हे पहिल्यांदा तपासावं. आणि चेअरमननी त्या संध्याकाळच्या प्रश्नालाही ‘बघा बुवा, तुम्ही म्हणाल तसं’ असं हसून उत्तर दिलं, तर त्या उत्तराचा अर्थ लावत बसू नये. मेव्हण्याचं कोटेशन ‘बोललं गेलं, ठरलं नाही’मध्ये लिहावं आणि पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर टाकावं.